थोडक्यात हवं आणि सविस्तरही: एका परिच्छेदाच्या चार फेऱ्या

आरोग्याच्या पत्रकासाठी लिहिलेला तुमचा परिच्छेद तपासायला गेला की पहिल्या फेरीत शेरा येतो, ‘फार लांब आहे, निम्मं करा.’ तुम्ही निम्मं करता. दुसऱ्या फेरीत दुसरं कुणी लिहितं, ‘फार मोघम आहे, तपशील हवा.’ तुम्ही तपशील घालता. तिसऱ्या फेरीत पहिला माणूस परत येतो, ‘पुन्हा लांबलं. आटोपशीर करा, पण डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं राहू द्या.’

नवख्या लेखकाच्या हातून इथे दोनपैकी एक चूक होते. एक तर तो शेवटचा शेरा पाळतो आणि आधीचे विसरतो, त्यामुळे परिच्छेद लंबकासारखा झुलत राहतो. नाही तर तो प्रत्येक शेऱ्याला थोडं थोडं देतो: दोन शब्द कापतो, एक आकडा घालतो. मग परिच्छेद लांबही राहतो आणि मोघमही.

‘लांब आहे’ हा शेरा शब्दांबद्दल असतो आणि ‘मोघम आहे’ हा माहितीबद्दल. ही दोन मापं वेगळी आहेत. दोन्ही वेगवेगळी मोजली, तर बहुतेक वेळा दोन्ही शेरे एकाच परिच्छेदात पाळता येतात. उरलेल्या थोड्या वेळी ते खरंच जमत नाही, पण तेव्हा ‘किती जमत नाही’ हे आकड्यात सांगता येतं. ते कसं करायचं, हे एकच परिच्छेद हातात धरून पाहू.

उदाहरणातला परिच्छेद

गावागावांत वाटायचं एका पानाचं पत्रक आहे असं धरा. विषय आहे लहान मुलांचे जुलाब आणि ओआरएस. मजकूर तीन जण तपासणार आहेत: मोहिमेचे समन्वयक, एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि पानाची मांडणी करणारी व्यक्ती. पहिला मसुदा असा:

> उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत लहान मुलांना जुलाब होण्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर वाढलेले दिसून येते. अशा वेळी मुलाच्या शरीरातील पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात कमी होत असल्यामुळे पालकांनी घाबरून न जाता त्वरित योग्य ती काळजी घेणे अत्यंत आवश्यक आहे. यासाठी ओआरएस म्हणजेच जलसंजीवनी हा एक अत्यंत सोपा, स्वस्त आणि परिणामकारक असा उपाय आहे. ओआरएसचे पाकीट स्वच्छ पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून मुलाला वेळोवेळी थोडे थोडे पाजत राहावे. तसेच मुलाचे नेहमीचे खाणेपिणे बंद करू नये आणि आवश्यकता वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हे ७८ शब्द आहेत. असे परिच्छेद आपण रोज वाचतो आणि व्याकरणात त्यांत काही चूक नसते.

पायरी १: सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारून घ्या

पहिली फेरी सुरू होण्याआधी जागा किती, वाचक कोण आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे लेखी विचारा. आपल्या उदाहरणात मांडणी करणाऱ्यांनी सांगितलं की या चौकटीत ६० शब्द बसतात, त्याहून जास्त झाले तर अक्षर बारीक करावं लागेल. वाचक म्हणजे आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेली आई, आजी किंवा बाप. माहिती बरोबर की चूक याबद्दल शेवटचा शब्द डॉक्टरांचा, जागेबद्दल मांडणीचा आणि काय छापायचं, काय नाही याबद्दल समन्वयकांचा.

हे तिसरं ठरलं नसेल तर पुढच्या सगळ्या फेऱ्या अडतात. डॉक्टर ‘लांब चालेल’ म्हणाले तर ते त्यांचं मत झालं, कारण पानावर जागा किती हे त्यांना माहीत नसतं. मांडणी करणारी व्यक्ती ‘उरलेलं ओआरएस २४ तासांनंतर फेकायचं, हे काढा’ म्हणाली, तर तो निर्णय तिचा नाही. कुणाचा शेरा कशावर चालतो, हे आधी ठरलेलं असलं की निम्मे विरोध आपोआप सुटतात आणि कुणाला दुखवावंही लागत नाही.

पायरी २: शेरा जसाच्या तसा उतरवा आणि मग त्याचा प्रश्न करा

शेरा आपल्या शब्दांत लिहू नका. ‘फार लांब आहे’ असं कुणी म्हटलं आणि तुम्ही ‘शब्द कमी करणे’ असं टिपलं, की तिथेच अर्थ निसटला. ‘लांब’ या एका शब्दात निदान तीन तक्रारी लपलेल्या असतात. चौकटीत मावत नाही, ही एक. वाक्यं लांब असल्याने धाप लागते, ही दुसरी. कामाची गोष्ट यायला फार वेळ लागतो, ही तिसरी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिलीसाठी शब्द कापावे लागतात. दुसरीसाठी वाक्यं तोडली की पुरतं, शब्द तेवढेच राहिले तरी चालतात. तिसरीसाठी क्रम बदलावा लागतो.

आपला मसुदा पाहा. ओआरएस हा शब्द पहिल्यांदा येतो तो ४०वा. म्हणजे समन्वयकांना जे लांब वाटलं, त्यातलं बरंचसं ‘उशिरा’ या सदरात मोडतं. नुसते मधूनमधून शब्द कापले असते, तर दुसऱ्या फेरीतही ‘अजून लांब वाटतं’ हा शेरा आलाच असता.

‘तपशील हवा’ या शेऱ्याचंही तसंच आहे. डॉक्टरांनी मोघम म्हटलं की विचारा, ‘हे वाचून कोणता प्रश्न अनुत्तरित राहतो?’ आपल्या उदाहरणात डॉक्टरांचं उत्तर असं येतं: पाणी किती, एका वेळी किती पाजायचं, केलेलं पाणी किती वेळ चालतं, मुलाला उलटी झाली तर काय, आणि दवाखान्यात कधी न्यायचं. हे पाच प्रश्न झाले. पाच प्रश्नांना उत्तरं देता येतात. ‘तपशील’ या शब्दाला उत्तर देता येत नाही, म्हणून माणूस त्यात शब्द ओतत राहतो.

पायरी ३: दोन मोजण्या ठेवा

प्रत्येक मसुद्याखाली दोन आकडे लिहायची सवय लावा: शब्द किती आणि कामाच्या गोष्टी किती. कामाची गोष्ट म्हणजे जी गाळली तर वाचकाच्या हातून वेगळी कृती होईल किंवा चूक होईल अशी गोष्ट.

पहिल्या मसुद्यात ७८ शब्दांत कामाच्या गोष्टी पाच आहेत: ओआरएस पाजा, पाणी स्वच्छ घ्या, थोडं थोडं द्या, खाणं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. त्यातली शेवटची अर्धवटच आहे, कारण ‘आवश्यकता वाटल्यास’ म्हटलं तरी ती आवश्यकता ओळखायची कशी हे सांगितलेलं नाही. ‘योग्य प्रमाणात’ हे तर मोजायचंच नाही. ‘योग्य’, ‘आवश्यक’, ‘वेळोवेळी’, ‘पुरेसे’ हे शब्द दिसले की तिथे आकडा किंवा खूण असायला हवी होती असं समजा. मसुद्यात या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. दुसऱ्या फेरीत तपशिलाचा शेरा बहुतेक करून याच जागी येणार असतो.

पहिल्या फेरीनंतरचा मसुदा असा झाला:

> मुलाला जुलाब झाले की शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. घाबरू नका. ओआरएसचे पाकीट स्वच्छ पाण्यात मिसळून थोडे थोडे पाजत राहा. खाणेपिणे बंद करू नका. गरज वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या.

शब्द ३०, कामाच्या गोष्टी त्याच पाच. म्हणजे ४८ शब्द गेले आणि माहिती काहीच गेली नाही. आता ‘मोघम आहे’ हा शेरा का आला ते दिसतं. मोघमपणा पहिल्या मसुद्यातही एवढाच होता, फक्त शब्दांच्या गर्दीत झाकलेला होता. कापाकापीने तो उघडा पडला. दुसऱ्या फेरीतला शेरा पहिल्याच्या विरोधात नसून पहिला पाळल्यामुळेच तो देता आला, हे ध्यानात आलं की चिडचिड बरीच कमी होते. आणि ३० शब्द मोकळे आहेत, हेही कळतं.

पायरी ४: कापताना कुठे कापायचं

दुसऱ्या फेरीचा शेरा वाचून घाईने तपशील घातला की वाक्यं साधारण अशी होतात:

> दोन वर्षांपेक्षा कमी वयाच्या मुलाला प्रत्येक वेळी जुलाब झाल्यानंतर ५० ते १०० मिली आणि दोन वर्षांपेक्षा जास्त वयाच्या मुलाला प्रत्येक वेळी जुलाब झाल्यानंतर १०० ते २०० मिली द्रावण पाजावे.

माहिती अचूक आहे, पण एका वाक्यात २९ शब्द गेले. याच चालीने पाचही प्रश्नांची उत्तरं लिहिली तर चौकट फुटणार हे उघड आहे, आणि तिसऱ्या फेरीत ‘पुन्हा लांबलं’ येणारच.

मराठी माहितीपर गद्यात चरबी ठरावीक जागी साठते, त्यामुळे शोधायला कठीण नाही. पहिली जागा म्हणजे क्रियापदाचा शेपूट. ‘पाजण्यास सुरुवात करावी’ म्हणजे ‘पाजा’. ‘काळजी घेणे आवश्यक आहे’ म्हणजे ‘काळजी घ्या’, आणि तीही कशी ते सांगता येत असेल तर तेवढंच सांगा. ‘वाढलेले दिसून येते’ म्हणजे ‘वाढते’. पत्रकात सरळ आज्ञार्थ वापरला की दर वाक्यामागे दोन-तीन शब्द सुटतात, शिवाय वाचणाऱ्याला आपल्याशीच बोलल्यासारखं वाटतं.

दुसरी जागा म्हणजे दोनदा म्हटलेली अट. वरच्या वाक्यात ‘प्रत्येक वेळी जुलाब झाल्यानंतर’ दोन्ही वयांसाठी वेगवेगळं आलं आहे. ते एकदा, वाक्याच्या तोंडाशी घेतलं की दोन्हींना लागू होतं. ‘दोन वर्षांपेक्षा जास्त वयाच्या मुलाला’ याचं ‘त्याहून मोठ्याला’ होतं.

तिसरी जागा म्हणजे जोडशब्द: तसेच, त्याचप्रमाणे, यासाठी, अशा वेळी, म्हणजेच. कृतींचा क्रम बरोबर असेल तर त्यांची गरज पडत नाही.

आता कुठे कात्री लावायची नाही, तेही सांगायला हवं. आकडा, एकक, नकार आणि ‘तर’च्या आधीची अट या चार गोष्टींना हात लावू नका. ‘अख्खे पाकीट’ मधला ‘अख्खे’ हा शब्द दिसायला विशेषण आहे, पण तो गेला तर कुणी अर्धं पाकीट अंदाजाने ओतून अर्ध्या लिटरमध्ये ढवळेल. पाकिटातल्या मीठ-साखरेच्या भुकटीचे दोन सारखे भाग डोळ्यांच्या अंदाजाने होत नाहीत. पाणी जास्त खारट झालं तर मुलाला अपाय होतो आणि फार पातळ झालं तर हवा तसा उपयोग होत नाही. विशेषणं कापा असं सरसकट सांगणाऱ्यांनी हे एक विशेषण जरूर पाहावं.

पायरी ५: जो शब्द दोन्ही शेरे एकदम पाळतो तो शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि तो वेळ द्यावा. डॉक्टरांनी ‘एक लिटर पाणी’ लिहा म्हणून सांगितलं. पण औषधाच्या दुकानात २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. दोन्ही लिहायची तर ‘मोठे पाकीट असल्यास एक लिटर व छोटे पाकीट असल्यास २०० मिली’ असे शब्द वाढतात. त्याऐवजी ‘पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्या पाण्यात’ म्हटलं की दोन्ही पाकिटं त्यात आली, शब्द कमी झाले आणि अचूकपणा वाढला. ‘थोडक्यात पण सविस्तर’ हा शेरा असा एखादा शब्दप्रयोग सापडला की सुटतो.

आता याचीच दुसरी बाजू. समन्वयकांनी ‘सोपं लिहा, मिली कुणाला कळतं?’ म्हटलं आणि डॉक्टरांनी ‘कप लिहू नका, मिलीच लिहा’ म्हटलं. इथे दोघांचंही बरोबर आहे. घरातला चहाचा कप आणि डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरचा २०० मिलीचा मोठा कप यांत खूप फरक पडतो, म्हणून नुसतं ‘अर्धा कप’ लिहिणं धोक्याचं आहे. उलट नुसतं ‘५० मिली’ लिहिलं तर मोजणार कशाने? एकदाच दोन्ही लिहा: ‘पाव ते अर्धा पेला (५० ते १०० मिली)’. पाव पेला म्हणजे ५० मिली, यावरून पेला २०० मिलीचा हे समजतं, त्यामुळे पुढच्या मापाला ‘अर्धा ते एक पेला’ एवढंच पुरतं. चार शब्द जास्त गेले, पण दोन शेरे मिटले.

तिसऱ्या फेरीनंतरचा मसुदा:

> जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्या, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खे पाकीट विरघळवा. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा पेला (५० ते १०० मिली), त्याहून मोठ्याला अर्धा ते एक पेला चमच्याने किंवा घोटघोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून सावकाश पुन्हा द्या. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा. मूल पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा शौचात रक्त दिसले, तर लगेच दवाखान्यात न्या.

शब्द ७३. पहिल्या मसुद्यापेक्षा पाच कमी, आणि डॉक्टरांच्या पाचही प्रश्नांची उत्तरं आत आहेत. तरीही चौकटीत ६०च बसतात, म्हणजे १३ शब्द जास्त आहेत. इथे पुन्हा कात्री घेऊन बसू नका. इतक्या आटलेल्या परिच्छेदातून आणखी १३ शब्द काढायचे तर एखादी कामाची गोष्ट जाणारच.

पायरी ६: मावत नसेल तर हलवा आणि ते विचारून हलवा

शेवटचं वाक्य मोजा. ते १४ शब्दांचं आहे. बाकीचा परिच्छेद घरी काय करायचं ते सांगतो, हे वाक्य घर कधी सोडायचं ते सांगतं. वाचण्याची वेळही वेगळी: मूल सुस्त पडल्यावर कुणी परिच्छेद पहिल्यापासून वाचत बसत नाही. म्हणून ते वाक्य पानाच्या तळाशी ठळक पट्टीत नेणं हे जागेच्या दृष्टीने आणि वाचकाच्या दृष्टीने, दोन्हीकडून बरं. परिच्छेद उरला ५९ शब्दांचा आणि त्यात कामाच्या गोष्टी अकरा.

पण हे आपल्या मनाने करून पाठवू नका. डॉक्टर मसुदा उघडतील, धोक्याच्या खुणा जागेवर दिसणार नाहीत आणि ‘सगळ्यात महत्त्वाचं गाळलंत’ असा शेरा येईल. पाठवतानाच दोन ओळी लिहा. प्रश्न असा विचारा की उत्तर ‘अ’ किंवा ‘ब’ असंच येईल:

> चौकटीत ६० शब्द बसतात, मजकूर ७३ झाला आहे. अ) धोक्याच्या खुणांचे वाक्य तळाच्या पट्टीत नेले तर बाकी ५९ शब्द जसेच्या तसे बसतात. ब) वाक्य इथेच ठेवायचे तर उलटीचे वाक्य, चमच्याचा उल्लेख आणि आणखी एक शब्द काढावा लागेल. आमची शिफारस अ. उद्या दुपारपर्यंत कळवावे.

‘काय करू?’ असं मोकळं विचारलं तर तिघांकडून तीन नवे शेरे येतात. दोन तयार पर्याय आणि प्रत्येकाची किंमत समोर ठेवली तर बहुतेक जण त्यातला एक निवडतात. ‘ब’ची किंमत लिहितानाही मोजून लिहा: उलटीचं वाक्य नऊ शब्दांचं, ‘चमच्याने किंवा घोटघोट’ तीन, मिळून बारा. मग अजून एक शब्द कुठून तरी काढावा लागेल, तेही सांगा. आकडा चुकलेला सापडला तर पुढच्या वेळी तुमच्या पर्यायांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

याच टप्प्यावर एक वेगळ्या जातीचा शेरा येतो: ‘पाकीट नसेल तर घरी कसं करायचं तेही टाका’, किंवा ‘झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या हे पण लिहा’. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि उपयोगी आहेत. पण ही दुरुस्ती नव्हे, हा नवा मजकूर आहे. घरच्या पाण्यासाठी एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे तिन्ही आकडे ‘सपाट’सकट द्यावे लागतात. ते या परिच्छेदात कोंबले तर दोन मापं एकमेकांत मिसळून कुणी पाकिटाच्या पाण्यातच वरून मीठ-साखर घालेल. अशा शेऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नका. ‘वेगळी चौकट मिळाली तर लिहून देतो’ असं म्हणा आणि चेंडू समन्वयकांकडे जाऊ द्या.

पायरी ७: काढलेलं परत मागितलं तर

चौथ्या फेरीत हमखास येणारा शेरा: ‘ओआरएस का द्यायचं तेच नाही. कारण लिहा.’ आता कारण पहिल्या दोन्ही मसुद्यांत होतं आणि ते याच मंडळींच्या शेऱ्यांपायी गेलं. ‘तुम्हीच काढायला लावलं होतं’ हे मनात येणं साहजिक आहे, पण ते लिहिण्याने काही साधत नाही. त्याऐवजी पहिल्या फेरीपासून ठेवलेली नोंद उघडा. नोंद साधी असावी, एका फेरीला तीन ओळी:

> फेरी १, समन्वयक: ‘फार लांब आहे, निम्मं करा.’
> केले: ७८ वरून ३० शब्द. ऋतूचे वाक्य, ‘सोपा, स्वस्त’ काढले.
> कारण: वाचकाच्या कृतीत फरक पडत नाही.

अशीच नोंद तिसऱ्या फेरीचीही असली की ‘पाणी आणि क्षार’ कधी आणि का गेले ते लगेच सापडतं. शेरा देणाऱ्याला आपला जुना शेरा आठवत नसतो, त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यासमोर दर वेळी नुसता ताजा मसुदा येतो. म्हणून प्रत्येक फेरीची फाइल वेगळ्या नावाने ठेवा, जुनीवर लिहू नका, आणि उत्तर देताना आधीचं वाक्य व ते काढण्याचं कारण एका ओळीत सोबत जोडा. मग तो दोन्ही बाजू पाहून ठरवतो.

समजा त्यांनी ठरवलं की कारण हवंच. ५९ शब्द भरलेले आहेत, एकच मोकळा आहे. पहिलं वाक्य असं करता येतं: ‘जुलाबात पाणी आणि मीठ जाते; लगेच ओआरएस द्या.’ पाचाचे आठ शब्द झाले, एकूण ६२. दोन कमी करायचे आहेत. ‘फेकून द्या’चं ‘फेका’ केलं तर एक सुटतो. ‘प्रत्येक पातळ शौचानंतर’चं ‘प्रत्येक जुलाबानंतर’ केलं तर दुसरा. बरोबर ६० झाले आणि एकही कामाची गोष्ट हलली नाही:

> जुलाबात पाणी आणि मीठ जाते. लगेच ओआरएस द्या. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्या, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खे पाकीट विरघळवा. २४ तासांनंतर उरलेले फेका. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा पेला (५० ते १०० मिली), त्याहून मोठ्याला अर्धा ते एक पेला चमच्याने किंवा घोटघोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून सावकाश पुन्हा द्या. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा.

‘क्षार’चं ‘मीठ’ झालं, ते समन्वयकांच्या ‘सोपं लिहा’मुळे. क्षारांत मिठाखेरीज इतरही गोष्टी येतात, म्हणून डॉक्टरांकडून हा शब्द चालेल का ते वेगळं विचारून घ्या. माहितीचा शब्द बदलला की, बदल कितीही छोटा असो, तो माहितीच्या माणसाला दाखवायचा. चौथ्या फेरीत सगळे दमलेले असतात आणि चुका नेमक्या तेव्हा शिरतात.

कधी थांबायचं

शेरे विरोधी आहेत की नुसते वेगळे, याची एक कसोटी आहे. दोन्ही शेरे पाळणारं एक तरी वाक्य लिहून दाखवता येतं का, ते बघा. आलं तर विरोध नव्हता. अर्धा तास खटपट करूनही आलं नाही, तर तो खरा विरोध, आणि तो लिहिणाऱ्याने सोडवायचा नसतो. डॉक्टर ‘मिली हवंच’ आणि समन्वयक ‘मिली अजिबात नको’ यावर अडून बसले, तर दोन्ही वाक्यं लिहून दोघांना एकाच निरोपात पाठवा. दोघांशी वेगवेगळं बोलत राहिलात, तर तुम्ही निरोप्या होता आणि दोन्हीकडचा राग तुमच्यावर निघतो.

मजकूर मान्य झाला तरी छापायला जाण्याआधी एक तपासणी उरते. या फेऱ्यांत कधीच नसलेल्या कुणाला तरी, शक्यतो घरात लहान मूल असलेल्या माणसाला, तो परिच्छेद एकदा वाचायला द्या आणि मग कागद बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा: पाणी किती घ्याल, दीड वर्षाच्या मुलाला एका वेळी किती पाजाल, संध्याकाळी केलेलं दुसऱ्या दिवशी रात्री द्याल का. समोर पाण्याचा तांब्या आणि पेला ठेवून ओतूनच दाखवायला सांगितलं तर आणखी चांगलं. जिथे हात अडखळेल तेवढंच वाक्य दुरुस्त करा, बाकीच्यांना हात लावू नका. त्यानंतर छपाईच्या प्रुफावर फक्त आकडे वाचा, आणि मोठ्याने वाचा: चोवीस, पन्नास ते शंभर, दोन वर्षं, दहा मिनिटं. ५० पुढे एक शून्य जास्त पडलेलं डोळ्यांना दिसत नाही, पण मोठ्याने वाचलं की लगेच खटकतं.